फोनची वेळ आणि जेवणाची वेळ

भूमसारख्या तालुक्याच्या गावात आता अशी घरे बरीच झाली आहेत, जिथे म्हातारा-म्हातारी दोघेच राहतात आणि मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, इंग्लंडमध्ये किंवा आखातात असते. या घरांमध्ये संध्याकाळनंतर एक वाक्य हमखास ऐकू येते. 'त्याचा फोन येऊन गेला की मग जेवू.' वाक्य मायेचे आहे. पण घरात मधुमेहाचा रुग्ण असेल, तर तेच वाक्य धोक्याचेही आहे. परदेशातल्या मुलाने आईवडिलांशी फोनची वेळ का ठरवून घ्यावी, याचे कारण नात्यात शोधले जाते. त्यातले एक मोठे कारण मात्र औषधाच्या डब्यात असते.

एक घर डोळ्यांसमोर आणू. वडील बाहत्तर वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. चौदा वर्षांपासून मधुमेह. सकाळी आणि रात्री जेवणाआधी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या दोन औषधांची एकत्र गोळी. आई सदुसष्ट वर्षांची, रक्तदाबाची गोळी चालू, अलीकडे ऐकू थोडे कमी येते. मुलगा न्यू जर्सीत नोकरीला, त्याला दोन लहान मुले. तो फोन करतो, अगदी मनापासून करतो, पण त्याला सवड मिळेल तेव्हा. बहुतेक वेळा ही सवड दुपारच्या सुट्टीत, साडेबाराला मिळते. त्या वेळी भूममध्ये उन्हाळ्यात रात्रीचे दहा आणि हिवाळ्यात अकरा वाजलेले असतात.

वडील सवयीप्रमाणे आठ वाजता गोळी घेतात. 'जेवणाआधी घ्या' असे डॉक्टरांनी सांगितलेले असते आणि ते शिस्तीचे आहेत. पण ताट वाढले जात नाही, कारण फोन यायचा असतो. साडेनऊच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, ते एकच गोष्ट दोनदा विचारतात, मग उगाचच चिडतात. आईला वाटते, फोन आला नाही म्हणून चिडले. प्रत्यक्षात त्यांची साखर खाली आलेली असते.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही एकाच गटातली औषधे आहेत. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न येवो न येवो, इन्सुलिन सुटतेच. जेवण वेळेवर झाले तर ते उपयोगी पडते, जेवण दीड-दोन तास लांबले तर तेच रक्तातली साखर खाली ओढते. उतारवयात मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असते, त्यामुळे औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळते. इन्सुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांनाही हाच धोका असतो. नुसते मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा अशी उतरत नाही. म्हणून आपली गोळी नेमकी कोणती, हे घरातल्या प्रत्येकाला आणि परदेशातल्या मुलालाही माहीत हवे. गोळ्यांच्या पाकिटाचा एक फोटो त्यासाठी पुरतो.

असे झाले तर घरातल्या यंत्रावर साखर मोजावी. ती सत्तरच्या खाली असेल, किंवा यंत्र नसेल पण लक्षणे अशी असतील, तर माणूस शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, अजून कमी असेल तर पुन्हा द्यावे आणि मग जेवू घालावे. या गटातल्या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकत असल्याने साखर पुन्हा उतरू शकते. त्यामुळे एकदा बरे वाटले म्हणून तसेच झोपी जाऊ नये, डॉक्टरांना कळवावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा.

इथे चूक ना मुलाच्या मायेची आहे, ना गोळीची. फोनची वेळ ठरलेली नव्हती, एवढेच घडले. आणि हे तपासणीच्या खोलीत कधी उघड होत नाही. डॉक्टर विचारतात, 'जेवण वेळेवर होते ना?' उत्तर येते, 'होते की.' जेवण फोनसाठी थांबते, हे सांगण्याजोगे आहे असे कोणाला वाटतच नाही.

रात्री उशिराच्या फोनने झोपेचेही नुकसान होते. वृद्धांची झोप मुळात हलकी असते आणि लघवीसाठी रात्रीत एक-दोनदा उठावे लागते. अकराला फोन वाजला की माणूस दचकून, अंधारात, चष्म्याविना उठतो आणि फोन शोधतो. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला झटकन उभे राहिल्यावर भोवळ येऊ शकते. मांडीचे हाड मोडण्यासाठी एवढे पडणे पुरेसे असते. फोन झाल्यावर पुन्हा झोप लागायला तास जातो, तो वेगळाच.

मग यावर उपाय काय, असे विचारले की दोन्हीकडून एकच उत्तर मिळते. मुलगा म्हणतो, 'मी जमेल तसा करतोच की.' आई म्हणते, 'तुला जमेल तेव्हा कर रे बाळा, आमचं काय, आम्ही घरीच असतो.' दोघांनाही हा समजूतदारपणा वाटतो. पण 'जमेल तेव्हा' याचा भूममधला अर्थ 'दिवसभर वाट पाहणे' असा होतो. आई देवळात जाताना फोन कमरेला खोचून नेते, वडील आंघोळीला जाताना फोन बाहेर कोणाकडे तरी देऊन जातात. फोन वीस मिनिटांचा असतो, वाट पाहणे चौदा तासांचे असते.

याबाबत एक चांगला अभ्यास उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील वैद्यकीय महाविद्यालयातल्या मनिंदर काहलोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करोनाच्या काळात घरात अडकलेल्या २४० जणांवर तो केला आणि २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. १७ ते २३ वर्षे वयाच्या सोळा तरुणांना मनापासून ऐकण्याचे थोडेसे प्रशिक्षण देऊन त्यांनी या लोकांपैकी निम्म्यांना चार आठवडे फोन करायचे होते. पहिले पाच दिवस रोज फोन झाला. त्यानंतर आठवड्यातून किती फोन हवेत, हे ज्यांना फोन येत होता त्यांनी ठरवायचे होते, फक्त दोनपेक्षा कमी नको. चार आठवड्यांनी फोन येणाऱ्यांचा एकटेपणा, उदासी आणि चिंता, तिन्ही फोन न येणाऱ्यांपेक्षा कमी झालेली दिसली. फोन करणारे नात्यातले नव्हते, डॉक्टर नव्हते. फोन ठरल्याप्रमाणे येत होता, त्यात मुख्यतः ऐकले जात होते आणि किती वेळा यावा याचा निर्णय समोरच्याच्या हाती होता. हा अभ्यास मुलगा आणि आईवडील यांच्यावर झालेला नाही, हे खरे. पण यातली शेवटची गोष्ट घरांमध्ये सर्वांत कमी आढळते. मुलगा सवड बघून वेळ ठरवतो, आईवडील ती स्वीकारतात.

म्हणून ठरवताना आधी भूमचा दिवस कागदावर मांडावा. वरच्या घराचेच उदाहरण पुढे नेऊ. वडील साडेपाचला उठतात, फिरून येतात. नळाला पाणी येईल त्या दिवशी सकाळ त्यातच जाते. नऊला नाश्ता आणि गोळी, एकला जेवण, मग वामकुक्षी. साडेचारला चहा. साडेसहाला दिवाबत्ती आणि मंदिर. आठला गोळी आणि लगेच जेवण. नऊला बातम्या, दहाला झोप. या दिवसात दोन मोकळ्या जागा दिसतात. एक चहानंतरची, साडेपाचची. दुसरी जेवणाआधीची, सातची. आठवडी बाजाराचा दिवस आणि एकादशी वगळली, म्हणजे आठवड्यातले वारही समोर येतात.

आता न्यू जर्सीचे घड्याळ शेजारी ठेवायचे. तिथे वर्षातून दोनदा घड्याळ बदलते, मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे. भारतात असे काही नसते. त्यामुळे न्यू जर्सी उन्हाळ्यात भूमच्या साडेनऊ तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेदहा तास. भूमचे साडेपाच म्हणजे तिकडे उन्हाळ्यात सकाळचे आठ, हिवाळ्यात सात. नोकरीला निघण्याआधीची वीस मिनिटे त्यात बसतात. रविवारी संध्याकाळी भूमचे सात म्हणजे तिकडे रविवारचीच सकाळ, उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. त्या वेळी नातवंडे उठलेली असतात, शाळा नसते. चाळीस मिनिटे बोलून आठच्या आत फोन संपतो आणि गोळी-जेवणाला धक्का लागत नाही.

यातला नियम एकच आहे, भूमचे घड्याळ हलवायचे नाही. ऋतू बदलला की बदल मुलाने सोसायचा. त्याच्या शरीराला एक तास इकडेतिकडे चालतो. पण गोळी, जेवण आणि झोप यांची वर्षानुवर्षे बसलेली घडी असलेल्या माणसाला दर सहा महिन्यांनी ती मोडणे जड जाते, आणि 'आता फोन सहाला येणार की साडेपाचला' हा गोंधळ वेगळाच. इंग्लंड आणि युरोपात घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते. इंग्लंड उन्हाळ्यात भारताच्या साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. दुबई बाराही महिने दीड तास मागे असल्याने तिथल्या मुलाला हे गणित सोपे आहे. कॅलिफोर्नियाला ते सर्वांत अवघड, कारण फरक साडेबारा ते साडेतेरा तासांचा. तिथल्या मुलाने संध्याकाळचा हट्ट सोडून भूमची सकाळ धरावी. भूमचे सकाळचे साडेआठ म्हणजे तिकडे आदल्या दिवशीचे उन्हाळ्यात रात्रीचे आठ, हिवाळ्यात सात.

किती वेळा बोलायचे, याचे उत्तर प्रत्येक घराचे वेगळे येईल. वरच्या घरात बुधवारी वीस मिनिटे आणि रविवारी चाळीस मिनिटे, एवढे पुरे झाले. दिवाळीनंतर फोनवर बोलताना बहुतेक मुले 'आता रोज करत जाईन' असे म्हणतात आणि तिसऱ्या आठवड्यात ते मोडते. रोजचे वचन मोडले की आईवडील कारणे शोधू लागतात. बरे नसेल का, सुनेशी काही झाले असेल का, नोकरी गेली असेल का. रात्र त्यात जाते. त्यापेक्षा आठवड्यातून दोनच, पण पाळले जाणारे फोन बरे. मधल्या दिवशी नातवाच्या आवाजातला अर्ध्या मिनिटाचा निरोप किंवा एखादा फोटो पाठवावा. त्याला वेळेचे बंधन नाही आणि आई तो चार वेळा ऐकते.

हे बोलायचे कसे, यात मुलांची अडचण होते. 'आठवड्यातून दोनदाच करेन' असे म्हटले की ते तोडून टाकल्यासारखे वाटेल, अशी भीती असते. ती खरीही आहे. म्हणून सुरुवात आपल्या अडचणीपासून न करता त्यांच्या दिवसापासून करावी. 'आई, तुम्ही आठला जेवता ना? मी दहाला फोन करतो आणि अण्णा थांबून राहतात. त्यांच्या गोळीला ते चालत नाही. तुम्हाला दिवसात निवांत कधी असतं, ते तू सांग. मी त्या वेळेला बसवतो.' आई पहिल्यांदा 'कधीही कर' असेच म्हणेल. तिथे थांबू नये. 'साडेपाच की सात?' असे दोन पर्याय पुढे ठेवले की उत्तर मिळते. दोघांना वेगवेगळे विचारावे, कारण वडिलांना बातम्यांची वेळ मोडलेली नको असते आणि हे ते आईसमोर सांगत नाहीत. ठरले की महिनाभर करून पाहू असे म्हणावे, कायमचे ठरवू नये. मोठ्या अक्षरात वार आणि वेळ लिहून कागद औषधांच्या डब्याजवळ चिकटवावा.

सुनेचे किंवा जावयाचे आईवडीलही कुठेतरी असेच वाट पाहत असतात. रविवार सकाळ एकच असते. कोणाचा रविवार, कोणाचा शनिवार, हे परदेशातल्या दोघांनी आपसात आधी ठरवून मग घरी सांगावे. नाहीतर ठरलेली वेळ दुसऱ्याच महिन्यात मोडते.

वेळ ठरली तरी फोन नीट झाला पाहिजे. वयानुसार ऐकणे कमी होते तेव्हा आधी उंच सुरातले आवाज जातात. स, श, त, क ही व्यंजने अस्पष्ट होतात आणि 'आवाज येतो पण शब्द कळत नाही' अशी तक्रार सुरू होते. तिकडून ओरडून बोलल्याने उपयोग होत नाही, आवाज फाटतो. चेहऱ्यावर समोरून उजेड घ्यावा, म्हणजे ओठ दिसतात. सावकाश, छोट्या वाक्यांत बोलावे. एका वेळी एकानेच बोलावे. इंटरनेटवरच्या फोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो, म्हणून आपले बोलून झाल्यावर दोन क्षण थांबावे. आई नुसती हसत आणि 'हो हो' करत असेल, तर तिला ऐकू येत नाही असे समजावे आणि कानाची तपासणी करून घ्यावी.

तब्येतीची चौकशी सगळ्या फोनभर पसरू नये. ती रविवारच्या फोनची शेवटची पाच मिनिटे असावी. 'तब्येत कशी आहे?' याचे उत्तर 'बरी आहे' हेच येते. त्याऐवजी नेमके विचारावे. आठवड्यात साखर किती आली? रात्री किती वेळा उठावे लागले? जिना चढताना मध्ये थांबावे लागते का? कुठे पडला होता का? गोळ्या किती उरल्या, पाकीट दाखवा. मधुमेह असेल तर तळपाय एकदा कॅमेऱ्यासमोर धरायला सांगावे, कारण संवेदना कमी झालेल्या पायाची जखम त्यांना स्वतःला कळत नाही. एक वाक्य बोलताना मध्येच दम लागून थांबावे लागते आहे का, हे न विचारताही कळते. यातले काही वेगळे दिसले तर भूममधल्या डॉक्टरांकडे पाठवावे. तिकडून गोळीचा डोस कमी-जास्त करू नये. तिथल्या मित्राच्या सल्ल्याने तर मुळीच नाही.

फोन लागला नाही तर काय, हेही त्याच बैठकीत ठरवावे. मुलाला जमणार नसेल तर त्याने आधीच एक ओळ पाठवावी, 'आज नाही, उद्या साडेपाचला.' फोन इकडून उचलला गेला नाही, तर वीज गेली असेल, चार्जिंग संपले असेल, रेंज नसेल. अर्ध्या तासाने पुन्हा करावा, मग दुसऱ्या नंबरवर, मग गावातल्या ठरलेल्या माणसाला. हा माणूस शेजारी असावा, त्याच्याकडे घराची एक किल्ली असावी आणि त्याची आधी परवानगी घेतलेली असावी. त्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. १०८ हा नंबर परदेशातून थेट लागत नाही. तोंड वाकडे झाले, एक हात उचलता येईना, बोलणे अडखळले किंवा छातीत दाबल्यासारखे दुखू लागले, तर अनेक घरांत पहिला फोन अमेरिकेला जातो. हे उलटे व्हायला हवे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. भूमहून सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचण्यातच त्यातला बराच वेळ जातो. आधी १०८, मग शेजारी, मग मुलगा, असा क्रम त्याच कागदावर लिहावा. मुलानेही तो मान्य आहे असे तोंडाने सांगावे, म्हणजे 'त्याला विचारल्याशिवाय कसे न्यायचे' हा प्रश्न उरत नाही.

एकमेकांपासून लपवायचे नाही, हेही बोलून घ्यावे. 'त्याला काळजी नको' म्हणून आईवडील रुग्णालयात दाखल झाल्याचे पंधरा दिवसांनी सांगतात. एकदा असे झाले की मुलाला पुढच्या प्रत्येक 'बरं आहे' वर शंका येते. पडणे, दाखल होणे, छातीत दुखणे आणि औषध बदलणे, या चार गोष्टी त्याच दिवशी कळवायच्या. बाकीचे रविवारी.

ठरलेल्या वेळेने सगळे सुटत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ बोलण्यात रस उरला नसेल, जेवण कमी झाले असेल, पहाटे तीनला जाग येऊन झोप लागत नसेल, तर ते उदासीनतेचे आजारपण असू शकते. फोन वाढवून ते बरे होत नाही. एकाच फोनमध्ये तोच प्रश्न तीनदा येत असेल, नेहमीच्या शेजाऱ्याचे नाव आठवत नसेल, तर स्मरणशक्तीची तपासणी हवी. पहिल्यासाठी १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत मोफत बोलता येते. दोन्हींसाठी जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखवून पुढचा सल्ला घेता येतो. फोन नेमाने होत असेल तर असा बदल लवकर लक्षात येतो, कारण गेल्या बुधवारचे बोलणे ताजे असते.

महिनाभराने पुन्हा विचारावे, वेळ बरोबर बसली का, फोन फार लांबतो का, कमी पडतो का. हा प्रश्न मुलाने विचारावा आणि उत्तर आधी आईवडिलांनी द्यावे. त्या महिन्यात वडिलांचे रात्रीचे ताट किती दिवस आठला वाढले गेले, हे त्याच कागदावर आईने खुणा करून ठेवले असेल, तर ठरवलेली वेळ योग्य होती का, हे त्या खुणाच सांगतील.